डोळा शेवटी

कारखाना म्हणायचा तो म्हणायला. खरं तर एक लांबट खोली, मागे अंगण, अंगणात भट्टी, आणि खोलीला रस्त्याच्या बाजूने एकच मोठी खिडकी. त्या खिडकीखाली एक पाट होता. पाटावर बसलं की उजेड डाव्या खांद्यावरून येई आणि हातातल्या मडक्यावर सावली पडत नसे. घरात भांडणं व्हायची ती कधी भाकरतुकड्यावरून झाली नाहीत. पण त्या पाटावर कोण बसणार, हा प्रश्न दोन्ही सुनांच्या मनात लग्न झाल्यापासून होता.

पाट थोरलीचा होता. दिवे आणि मडकी रंगवायची ती. सासरे चाकावर घडवायचे, थोरला मुलगा भाजायचा, धाकटा टेम्पोतून माल पोचवायचा आणि आठवड्याचा निम्मा वेळ बाहेरच असायचा. धाकटी माती तुडवायची, खडे वेचायची आणि मान वाकडी करून थोरलीचे हात बघायची.

"बघून बघून डोळे बाहेर येतील गं," थोरली हसून म्हणायची. "ये, बस जवळ." पण पाटावर सरकून जागा काही द्यायची नाही.

मग थंडीत थोरलीला ताप आला. साधा ताप म्हणून अंगावर काढला आणि तो तिला घेऊनच गेला. पाट मोकळा झाला. महिनाभर त्यावर कुणी बसलं नाही. त्यानंतर एका सकाळी धाकटीने तो पुसला आणि ती बसली. सासऱ्यांनी चाकावरून वर बघितलं, परत खाली बघितलं. तेवढीच परवानगी.

तिला वाटलं होतं, हात आपोआप चालेल. तसं झालं नाही.

भेटवस्तूंचं दुकान चालवणाऱ्या बाई माल बघायला आल्या, त्या दिवशी धाकटीने फळीवर आपले दिवे मांडले होते. गुलाबी, पोपटी, आकाशी, केशरी. प्रत्येकाला चंदेरी ठिपके. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला.

"हे काय, फुग्यांचं दुकान लावलंय का?"

"मॅडम, लोकांना रंग आवडतात," धाकटी म्हणाली.

"आवडतात ना. जत्रेत आवडतात. पण माझ्याकडे माणूस येतो तो साहेबाला द्यायला, विहीणबाईंना द्यायला. खोक्याचं झाकण उघडलं की समोरच्याला वाटलं पाहिजे, की देणाऱ्याने हात आखडता घेतला नाही. तुमच्या जाऊबाई काय करायच्या? तीनच रंग असायचे, पण दिवा हातात घेतला की जड वाटायचा. मातीचा असून."

"त्यांचा हात वेगळा होता," चाकावरून सासरे म्हणाले.

"तेच म्हणते मी, मामा. पुढच्या खेपेला नमुना बघेन. तसाच जमला तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडून घेईन. मला वाईट वाटतंय, पण दुकान भावनेवर चालत नाही."

बाई गेल्यावर सासऱ्यांनी चाक थांबवलं. "हे बघ सूनबाई. मॅडमनी हात वर केले तर रंगकाम बंद. साधी मडकी करू, साध्या कुंड्या करू. मग त्या पाटाचं काय काम? मातीला माणूस कमीच पडतंय."

म्हणजे पुन्हा माती. पुन्हा गुडघ्यापर्यंत चिखल आणि मान वाकडी. पाटाची कड धाकटीने हाताने घट्ट धरली होती, हे तिचं तिलाच मागाहून कळलं.

रंगाचं गणित तिला तोंडपाठ होतं, अडचण तिथे नव्हती. थोरली लपवून काही करायची नाही. गेरूत लाल मिसळायचा, वर काजळीची चिमूट टाकायची, की डाळिंबाच्या सालीसारखा गडद रंग होतो. खडूच्या पुडीत पिवळ्या मातीची नखभर भुकटी घातली, की पांढऱ्याचं दुधी होतं. कोरं पांढरं भिंतीसारखं दिसतं, दुधी हस्तिदंतासारखं. आणि सोनेरी. सोनेरी पांढऱ्यावर ओढला की पितळ वाटतो, आणि तोच गडद डाळिंबीवर केसाएवढा ओढला की सोनं वाटतो. "सोन्याला खाली अंधार लागतो," थोरली म्हणायची. निळ्याच्या ती फार नादी लागायची नाही. दिवसा मोरपंखी सुरेख दिसतो, पण ज्योतीच्या उजेडात तो काळा पडतो. आणि दिवा म्हणजे काही दिवसा बघायची वस्तू नव्हे.

हे सगळं माहीत असूनही धाकटीने गुलाबी आणि पोपटी लावले होते. कारण ते थोरलीचे नव्हते. आता हौस फिटली होती.

अडचण अशी, की कोरे भाजलेले दिवे शिल्लक नव्हते. आभाळ भरलेलं होतं. ओली हवा असली की कच्चा माल सुकत नाही, आणि न सुकलेला भट्टीत घातला की तडकतो. भाऊजी, म्हणजे थोरला दीर, दोन वेळा आभाळाकडे बघून आत आले होते.

पण माळ्यावर एक टोपली होती. थोरलीची शेवटची टोपली. अर्धवट रंगवलेले दिवे, वर जुनं धोतर झाकलेलं. तिला हात लावायचा नाही असं कुणी म्हटलं नव्हतं आणि कुणी लावलाही नव्हता.

दुपारी सासरे जेवून आडवे झाले आणि भाऊजी लाकडं आणायला गेले, तेव्हा धाकटीने ती टोपली खाली उतरवली. दिव्यांच्या पोटावर गेरू आणि काजळीच्या रेषांनी पक्षी काढलेले होते. प्रत्येक दिव्यावर एक. मान पुढे, चोच वातीच्या बाजूला, जणू ज्योत लागायची वाट बघतोय. एवढंच. डोळा कुणालाच नव्हता.

डोळा थोरली शेवटी काढायची. सगळे रंग सुकले, सोनेरी ओढून झाला, की मग एकाच केसाचा कुंचला घ्यायचा आणि एक ठिपका. आधी काढला तर ओल्यात फुटतो, असं ती सांगायची. आणि हसत हसत असंही म्हणायची, "आधी डोळा दिला तर ते आपल्याला काम करताना बघत बसतं. शेवटी द्यावा, आणि द्यावा म्हणजे द्यावाच. आंधळं ठेवून उठू नये."

धाकटीने दिवे ओळीने मांडले आणि त्यांच्यावरून दुधी रंगाचा जाड हात फिरवला. रेषा पांढऱ्या गोंदात घोटून काढलेल्या होत्या, त्यामुळे ओल्या खडूने त्या विरघळल्या नाहीत. त्या खाली राहिल्या. दुसरा हात दिल्यावर पक्षी दिसेनासे झाले. खालचा भाग तिने डाळिंबी केला, त्याच्या कडेने केसाएवढी सोनेरी रेघ ओढली, आणि दुधी पट्ट्यावर आपली स्वतःची पानं काढली, बारीक, हिरवट सोनेरी. डाळिंबीवर वॉर्निश फिरवलं. दुधी पट्टा तसाच कोरडा ठेवला, कारण वॉर्निश लागलं की खडू भिजल्यासारखा काळवंडतो. दिव्याच्या चोचीपाशी, जिथे वात टेकते, तिथे माती उघडीच ठेवली. तिथला रंग जळतो आणि घाण वास सुटतो.

सगळं बरोबर केलं. एकच गोष्ट राहिली.

दिव्याला आतून पातळ गोंदाचे हात द्यावे लागतात, नाहीतर माती तेल पिते आणि ते बाहेर झिरपतं. सगळे कारागीर हे काम आधीच करतात. थोरली मात्र सगळ्यात शेवटी करायची. आत आधी गोंद बसला की माती बाहेरचा रंग नीट पीत नाही, असं तिचं मत. धाकटीला हे ठाऊक होतं. पण घाईत, आणि ती टोपली परत डोळ्यांसमोर नको म्हणून, तिने असं धरून चाललं, की जुने दिवे आहेत, आतून झालेलेच असणार. नव्हते झाले. थोरली शेवटापर्यंत पोचलीच नव्हती.

नमुना घेऊन धाकटी दुकानात गेली, तेव्हा बाईंनी एक दिवा उचलला आणि तळहातावर तोलून बघितला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता हा जड वाटतो. लावून बघू."

गल्ल्याजवळची बत्ती मालवली. धाकटीने तेल घातलं, वात भिजवली, पेटवली. दुकानात संध्याकाळचा मंद उजेड होता. डाळिंबी आतून तापल्यासारखा दिसायला लागला, सोन्याची रेघ हलायला लागली. बाई मान डोलवत होत्या. बाहेरच्या रहदारीकडे बघत दोघी थोडा वेळ भाव-ताव न करता नुसत्या बसल्या.

मग बाई म्हणाल्या, "अगं, हे काय?"

दुधी पट्ट्यावर एक डाग आला होता. तेल आतून झिरपत होतं, आणि खडू जसजसा तेल पीत होता तसतसा तो मधासारखा पारदर्शक होत होता. त्या मधात खालून एक रेष वर आली. मग दुसरी. पाठ. शेपूट. चोच. पाण्याच्या तळातून कुणीतरी हळूहळू वर यावं तसा पक्षी वर आला, आणि धाकटीच्या पानांच्या मागे उभा राहिला.

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. आता बोलणी बसणार. पण बाईंनी दोन्ही हात गालांना लावले.

"कुणी सुचवलं तुला हे? म्हणजे खोकं उघडलं तेव्हा एक भेट, आणि घरी नेऊन लावला की दुसरी! बाई गं! मला असे शंभर पाहिजेत. जोडीला तशीच छोटी मडकी."

"मडक्यांत तेल कोण घालणार, मॅडम?"

"बरं, मडकी साधी. पण हेच रंग. आणि हा पक्षी." त्यांनी दिवा फिरवून बघितला. "तुझ्या जाऊबाईंची आठवण झाली बघ. त्यांचाच हात वाटतो."

धाकटी हसली. हसावं लागलं.

घरी तिने सगळं खरं सांगून टाकलं. सासरे म्हणाले, "खडू तेल पितो, त्यात नवल काय? कागदावर तेल सांडलं की पलीकडचं दिसतं, तसं. चुकून का होईना, बरं झालं." भाऊजींनी दुकानातून परत आणलेला तो दिवा हातात घेतला, पक्ष्यावरून अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "हिला डोळा द्यायचा राहिला." पक्षी होता तो, आणि ते 'हिला' म्हणाले. कुणी दुरुस्त केलं नाही.

ऊन पडलं. सासऱ्यांनी नवे दिवे घडवले, भाऊजींनी भाजले. भट्टीतून निघालेला माल कोरा आणि टणटणीत होता. धाकटीने स्वतः एकेक वाजवून घेतला. आता तंत्र कळलं होतं. आधी गेरू आणि काजळी घट्ट गोंदात घोटून खालचं चित्र काढायचं, वर दुधी हात, खाली डाळिंबी, कडेला सोनं, आत गोंद अजिबात नाही. पक्षी काढायचा नाही, हे तिने मनाशी ठरवलं. दुसऱ्याच्या हाताने आपलं नाव होत नाही. तिने वेल काढली. पानं, तणावे, एक कळी. हात आता स्थिर झाला होता. पाटावर बसल्या बसल्या ती गुणगुणायलाही लागली होती.

पहिला दिवा सुकल्यावर तिने तो तपासायला लावला. दुपारची वेळ होती. खिडकीचं दार ओढून घेतलं होतं. मध पसरला, रेषा वर यायला लागल्या. ती कळीची वाट बघत होती. आधी एक बाक दिसला, तो वेलीचाच असेल असं वाटलं. मग चोच आली.

तिने दिवा खाली ठेवला, अंगणात जाऊन तोंडावर पाणी मारलं, आणि परत येऊन बघितलं. पक्षी. तोच. वेल कुठेही नव्हती.

"मामंजी, या दिव्याला आधी कुणी हात लावलाय का?"

"कालच भट्टीतून निघालाय. त्याला काय पाळण्यात हात लावणार?"

"मग हे बघा."

सासऱ्यांनी बघितलं. कानाची पाळी खाजवली. "तुझ्या हाताला तिचं वळण लागलंय. एवढं बघत होतीस ना. हात आपोआप ओढतो."

"मी वेल काढली होती."

"तुला वाटलं तसं."

तिने दुसरा लावला, तिसरा लावला. सगळ्यांत पक्षी. पण फरक होता. जुन्या दिव्यांवर चोच वातीकडे होती. या पक्ष्यांनी मान थोडी वळवली होती. हाक ऐकू आल्यावर माणूस आधी कान देतं आणि मग वळतं. त्यातला तो पहिला भाग.

पण माल तर द्यायचाच होता. शंभर दिवे खोक्यात गेले, प्रत्येकाच्या शेजारी एक छोटं डाळिंबी मडकं, खाली भुसा, वर तांबडी फीत. बाईंनी खोकी मांडली आणि आठवडा सरायच्या आत निम्मी गेली. धाकटीला सांगायला म्हणून त्या मुद्दाम आल्या होत्या. "लोक म्हणतात, अशी वस्तू मिळाली की देणाऱ्याला विसरायला होत नाही."

पुढच्या खेपेला त्या आल्या तेव्हा हातात पिशवी होती, आणि चेहरा वेगळाच.

"एका बाईंनी सगळे परत केले. एका घरात बारा जणांना बारा दिवे दिले होते. जेवायच्या टेबलावर सगळ्यांनी मिळून लावले. म्हणे, सगळे पक्षी एकाच माणसाकडे बघायला लागले."

"दिवे जसे ठेवाल तसे बघणार ना," सासरे म्हणाले.

"तेच मी म्हटलं. तर म्हणे, दिवे फिरवले, जागा बदलल्या, तरी त्याच माणसाकडे. त्या घरची थोरली बाई. तिला हसू आलं नाही म्हणे." बाईंनी पिशवी फळीवर ठेवली, मागोमाग न विकलेल्या खोक्यांची चळतही. "मला असलं काही चालत नाही. आधी छान होतं. आता काय बिघडवलंत ते नीट करा. आतून गोंद लावा, पक्षी नको, काही वर यायला नको. नुसते रंग पुरेत. ते तरी तुला आता जमलेत. नाही जमलं तर सांग, मी मोकळी."

पुन्हा सगळं पाटावरच येऊन ठेपलं.

दुपारी घरात कुणी नसताना धाकटीने ते बारा दिवे जमिनीवर गोल मांडले. पक्षी तेलाने वर आले होते, ते आता कायमचे वर होते. खडूने एकदा तेल प्यायलं की सोडत नाही. तिने एक एक पेटवला. गोलात बारा मध-रंगी पोटं आणि बारा आंधळे पक्षी. ती गोलाबाहेर भिंतीशी उभी राहिली. पक्षी तिच्याकडे बघत नव्हते. सगळ्यांच्या माना एकाच दिशेला होत्या. खिडकीकडे. पाटाकडे.

पाटावर कुणी नव्हतं.

ती हळूच चालत गेली आणि पाटावर बसली. बसल्यावर तिने परत बघितलं, आणि तिला कळलं, की ते पाटाकडे बघतच नव्हते. डोळे नसलेला माणूस आवाजाच्या दिशेने तोंड करतो. ते पाटाकडे तोंड करून होते. तिथून काहीतरी यायचं राहिलं होतं, त्याची ते वाट बघत होते.

तिने घाईने फुंकर मारून सगळे विझवले.

सासऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. "गोंद लाव. विषय संपव. मॅडम खूश, तू पाटावर, मी चाकावर." आणि तिने एका कोऱ्या दिव्याला आतून गोंदाचे तीन हात देऊन बघितलंही. पेटवला. दुधी दुधीच राहिलं. त्यावर तिची पानं, बाजूला डाळिंबी, सोन्याची रेघ. एकही चूक नव्हती. कुणालाही भेट द्यावा असा दिवा होता, आणि तो तिचा होता, पूर्णपणे तिचा.

तिने तो कानाशी धरला. का धरला, ते तिला सांगता आलं नसतं. आतून चोच मारल्यासारखा बारीक आवाज येत होता. तापलेली माती तडतडते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तरी तिने दिवा खाली ठेवला, आणि पुन्हा कानाशी धरला नाही.

मग ती उठली आणि भट्टीपाशी गेली. भाऊजी राख ओढत होते.

"भाऊजी, जाऊबाई शेवटी शुद्धीवर होत्या का?"

त्यांनी फावडं टेकवलं. "होती थोडी. हात हलवायची हवेत. असं." त्यांनी बोटाच्या चिमटीत काहीच नसताना काहीतरी धरलं आणि हवेत एक ठिपका दिला. मग थोडं सरकून दुसरा. "मला वाटलं, माशा हाकलतेय."

धाकटी परत आली. तिने ते बारा दिवे आणि दुकानातून परत आलेले बाकीचे, सगळे पाटापुढे मांडले आणि लावले. ज्योतीवर एक मातीची ताटली उपडी धरली. ताटलीला काजळी धरली, मखमलीसारखी. तेल प्यालेल्या खडूवर पाण्यातला रंग बसत नाही, थेंब होऊन घसरतो. म्हणून तिने ती काजळी जवसाच्या तेलात खलली. जवसाचं तेल सावकाश सुकतं पण सुकतं, आणि मग जात नाही. कुंचल्यांच्या डब्यात तळाशी थोरलीचा एका केसाचा कुंचला होता. तिने तो आजवर वापरला नव्हता. आज घेतला.

पहिला डोळा देताना तिने श्वास धरला. एक ठिपका. काळा, ओला, चकाकणारा. काही झालं नाही. तिने तो दिवा बाजूला ठेवला आणि दुसरा घेतला. हात फार वेगाने चालत होता, तिच्या नेहमीच्या वेगापेक्षा जास्त, आणि प्रत्येक ठिपका बरोबर जागेवर पडत होता. मध्येच तिच्या लक्षात आलं, की उजेड डाव्या खांद्यावरून यायला हवा, तो येत नाहीये. खिडकी उघडी होती, बाहेर ऊन होतं. पण डाव्या खांद्याच्या बाजूला सावली होती. वाकून बघणाऱ्या माणसाची पडते तेवढी.

ती वळली नाही. "बघून बघून डोळे बाहेर येतील," ती हळू आवाजात म्हणाली. तिने काम थांबवलं नाही.

शेवटचा ठिपका झाला तेव्हा सावली नव्हती. सगळे दिवे शांत जळत होते. तिने ओळीवरून नजर फिरवली. पक्ष्यांनी माना सरळ केल्या होत्या. चोच पुढे, डोळा ज्योतीवर. आंधळेपणाची ती धडपड संपली होती. जसे टोपलीतले, तसे.

एक सोडून.

बाईंनी दिवे बघितले, चष्मा वर केला, खाली केला. "आता कसे गं बघतायत! सरळ. डोळ्याने जीव आला." त्यांनी सगळे परत नेले, आणि पुढच्या मालाचंही ठरवलं. त्या मालातल्या दिव्यांखाली धाकटीने वेल काढली, आणि तेल पिऊन वर आली ती वेलच. पानं, तणावे, कळी. पक्षी पुन्हा कधी आला नाही. "बघ, तुझा हात बसला," सासरे म्हणाले. "मी म्हणत होतोच." ते असं काही म्हणत नव्हते, पण तिने वाद घातला नाही. पाटाचा विषय घरात परत निघाला नाही.

तो एक दिवा मात्र तिने विकला नाही. खिडकीच्या फळीवर ठेवला. सकाळी कामाला बसताना ती तो लावते. त्या पक्ष्यालाही डोळा आहे, बाकीच्यांसारखाच. पण तो ज्योतीकडे बघत नाही, आणि धाकटीकडेही बघत नाही. तिने जागा बदलून बदलून पाहिलं आहे. तो तिच्या डाव्या बाजूला बघतो, पाटाच्या मोकळ्या कडेकडे, आणि त्याची नजर तिथे माणसाच्या चेहऱ्याच्या उंचीवर टेकलेली असते.

पहिले काही दिवस तिने दिव्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवलं. मग तो उलटा ठेवायचा तिलाच कंटाळा आला.

आता ती बसते तेव्हा पाटाच्या उजव्या कडेला सरकून बसते. बसायला थोडं अडचणीचं होतं, एक मांडी बाहेर राहते. भाऊजींनी एकदा विचारलं, "मोठा पाट करून देऊ का?"

"नको," धाकटी म्हणाली, आणि डाळिंबीत कुंचला बुडवला. "दोघींना पुरतो."